पाच वर्षं म्हणजे नक्की किती महिने?

रिझ्युम कसा लिहावा यावर आपल्याला भरपूर सल्ले मिळतात. पण चांदवडहून पाठवलेला रिझ्युम सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत शंभर जणांच्या गठ्ठ्यात पडला की पुढे काय होतं? प्रत्येकातून स्किल्स, अनुभव आणि सर्टिफिकेट्स काढून एका शीटवर मांडायची असतात, एका उमेदवाराला एक ओळ. सगळ्यात जास्त घोळ होतो तो अनुभवाच्या रकान्यात.

रिझ्युमवर वरतीच ‘पाच वर्षांचा अनुभव’ असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा उचलायचा नाही, खालच्या तारखा उचलायच्या. समजा एकाने असं लिहिलंय: पहिली नोकरी जून २०१९ ते मे २०२१, दुसरी जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२२, तिसरी जुलै २०२३ पासून ‘आजपर्यंत’. आता हे ‘आज’ कुठलं? सगळ्यांना एकच तारीख लावायची, म्हणजे अर्जाची शेवटची तारीख. इथे ती ३१ ऑक्टोबर २०२४ धरू.

नुसती बेरीज केली तर २४ + २४ + १६ = ६४ महिने. पण जानेवारी ते मे २०२१ हे पाच महिने दोनदा मोजले गेले. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत मोजलं तर ६५ येतात, पण त्यात २०२३ चे सहा रिकामे महिने घुसले. बरोबर उत्तर ५९, म्हणजे चार वर्षं अकरा महिने. अट पाच वर्षांची असेल तर गडी बाहेर!

प्रोग्रॅम लिहायचा असेल तर नोकऱ्या सुरुवातीच्या तारखेने सॉर्ट करा. पुढची नोकरी आधीची संपायच्या आत सुरू होत असेल तर दोन्ही जोडून एकच पट्टा करा, आणि शेवटी पट्ट्यांची लांबी मोजा. एवढंच.

खरी पंचाईत नुसतं ‘२०१९-२०२१’ लिहिणाऱ्यांची. ते डिसेंबर ते जानेवारी असेल तर १४ महिने, जानेवारी ते डिसेंबर असेल तर ३६. इथे अंदाज नको. रकान्यात ‘१४ ते ३६’ लिहून फोन करायचा.

स्किल्स शोधताना शब्द पूर्ण जुळायला हवा, नाहीतर जावास्क्रिप्टवाला जावाच्या यादीत येऊन बसतो:

```
\bJava\b
```

पण हीच युक्ती सी++ ला चालत नाही, कारण अधिक चिन्हापुढे स्वल्पविराम किंवा स्पेस आली की शेवटची `\b` जुळतच नाही.

सर्टिफिकेटच्या नावाशेजारी तारीखही हवी. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं चालतं. ऑगस्ट २०२० मध्ये पास झालेल्याने रिन्यू केलं नसेल तर आपल्या शेवटच्या तारखेला ते संपलेलं आहे. शीटमधून काढून टाकू नका, पुढे ‘मुदत संपली’ लिहा. आणि प्रत्येक आकड्याशेजारी रिझ्युममधली मूळ ओळ जशीच्या तशी ठेवा, म्हणजे कोणी विचारलं तर पुन्हा गठ्ठा उपसावा लागत नाही.