पावतीपुस्तकाचा हिशेब मांडवाच्या फलकावर

गणेशोत्सवात मंडळाच्या फलकावर शेजाऱ्यांना तीन गोष्टी हव्या असतात: आरती किती वाजता, गाडी कुठे लावायची आणि दिलेल्या वर्गणीचं काय झालं. कुजबुज सुरू होते ती तिसऱ्या प्रश्नावरून, म्हणून तिथे थोडं थांबू.

मंडळाची नोंदणी नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 क प्रमाणे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते आणि उत्सवानंतर हिशेब द्यावा लागतो. परवानगीचा क्रमांक पावतीवर छापावा.

खरी परीक्षा पावतीपुस्तकांची. समजा, मंडळाने 50 पावत्यांची आठ पुस्तकं छापली, म्हणजे क्रमांक 1 ते 400. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं, ते खजिनदाराने सही घेऊन लिहायचं. वर्गणी संपल्यावर आठही पुस्तकं परत यायला हवीत. 310 पावत्या फाडल्या, 86 कोऱ्या राहिल्या, 4 रद्द झाल्या, बेरीज 400. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच असल्या पाहिजेत. 310 स्थळप्रतींवरची रक्कम आणि बँकेत व रोखीत जमा झालेली रक्कम जुळली, तर हिशेब बरोबर. आता सातवं पुस्तक परत आलंच नाही असं धरा. ते दडवू नये. 301 ते 350 क्रमांकांच्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवावं, असं फलकावर लगेच लिहावं. मोबाइलवरून वर्गणी घेताना क्यूआर कोड मंडळाच्याच खात्याचा हवा. कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात गेलेला पैसा प्रामाणिकपणे खर्च झाला, तरी त्याचा माग दाखवता येत नाही. दानपेटीला दोन कुलपं लावावीत, किल्ल्या दोघांकडे ठेवाव्यात आणि पेटी समितीबाहेरच्या दोन रहिवाशांसमोर उघडून मोजणीवर त्यांच्याही सह्या घ्याव्यात.

रोजच्या कार्यक्रमात आरतीची वेळ ठरलेलीच असते. शेजाऱ्यांना कळायला हवं ते लाउडस्पीकर कधी बंद होणार हे. मर्यादा रात्री 10 ची आहे. मोजक्या दिवशी शासन ती मध्यरात्रीपर्यंत वाढवतं. आपल्या जिल्ह्यासाठी जाहीर झालेल्या त्या तारखा फलकावर स्पष्ट लिहाव्यात. दहावी-बारावीची मुलं आणि आजारी माणसं असलेली घरं मग आपली सोय आधीच बघतात.

विसर्जनाच्या दिवशी गल्लीतल्या गाड्या सकाळी हलवायला सांगणं फार उशिराचं ठरतं. आदल्या रात्रीच निरोप द्यावा आणि पर्यायी जागाही सांगावी. जवळच्या शाळेचं मैदान हवं असेल तर त्यांची परवानगी आधी घ्यावी. गर्दी अडवायला बांबू लावताना ते खिळ्यांनी ठोकू नयेत, सुटणाऱ्या गाठीच्या दोरीने बांधावेत. रुग्णवाहिका आली की गल्लीच्या तोंडावरच्या स्वयंसेवकाला एका हिसक्यात वाट मोकळी करता येते. त्याचा आणि दुसऱ्या टोकाच्या स्वयंसेवकाचा फोन नंबर गल्लीतल्या प्रत्येक घरात आदल्या दिवशीच पोचलेला असावा.