सरासरीमागे दडलेले आकडे

प्रौढांच्या वेक्सलर बुद्धिमापन चाचणीच्या चौथ्या आवृत्तीत चार निर्देशांक मिळतात: शाब्दिक आकलन, दृश्य तर्क, कार्यकारी स्मृती आणि प्रक्रियेचा वेग. प्रत्येकाची सरासरी 100. समजा, एका तरुणीला अनुक्रमे 124, 116, 86 आणि 95 गुण मिळाले. तिचा एकूण बुद्ध्यांक 110 च्या आसपास येईल. पण तो तिच्या कोणत्याच क्षमतेचं खरं वर्णन करत नाही. सर्वांत वरच्या आणि खालच्या निर्देशांकात 23 किंवा अधिक गुणांचं अंतर असेल, तर एकूण आकड्यावर विसंबू नये, असा संकेत आहे. इथे ते 38 आहे. अशा वेळी पहिल्या दोन निर्देशांकांवरून काढलेला सामान्य क्षमता निर्देशांकही पाहतात.

आता 86 कुठून आला ते बघू. कार्यकारी स्मृतीत अंकगणित आणि अंकविस्तार येतात. अंकविस्तारात ऐकलेले अंक आधी तसेच, मग उलट्या क्रमाने, शेवटी लहानापासून मोठ्याकडे सांगायचे असतात. ती सरळ सात अंक सांगते, उलटे मात्र तीनच. म्हणजे ऐकणं ठीक आहे. अंक मनात धरून फिरवताना अडतं. सरळ अंकही तीन-चारवरच थांबले असते, तर आधी श्रवण, झोप, घबराट किंवा चाचणीची परकी भाषा तपासावी लागली असती.

निरोगी माणसांतही अशी तफावत सर्रास दिसते. म्हणून केवळ या आकड्यांवरून अवधानदोषाचं निदान करू नये. अहवाल हाती आला, की मानसशास्त्रज्ञांकडे उपचाचण्यांचे गुण जरूर मागा.