टी-टेस्ट: जोडीची की स्वतंत्र?

दोन सरासरींची तुलना करायची आहे? चाचणी निवडण्याआधी एवढंच विचारा: दोन्ही आकडे त्याच माणसांचे आहेत का?

'स्टुडंट'ने १९०८ साली वापरलेलं उदाहरण घ्या. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, प्रत्येकावर दोन्हींचा प्रयोग. दुसऱ्या औषधाने सरासरी १.५८ तास जास्त झोप मिळाली. हे दोन स्वतंत्र गट मानले तर पी-व्हॅल्यू ०.०७९ येते, म्हणजे ५ टक्क्यांच्या पातळीवर फरक सिद्ध होत नाही. जोडीची टी-टेस्ट लावली की तीच ०.००३ च्या खाली! कारण माणसामाणसांतली तफावत वजाबाकीत निघून जाते.

मात्र ते दहा फरक डोळ्यांखालून घालाच. एका रुग्णाचा फरक ४.६ तास आहे, बाकीचे ० ते २.४. एवढ्या छोट्या नमुन्यात असा आकडा दिसला, तर विलकॉक्सनची साइन्ड-रँक चाचणीही करून बघा.