लंबक मोजतो, स्प्रिंग ढकलते

भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक काढून टाकला तर काय होईल? बहुतेक लोक सांगतील की घड्याळ बंद पडेल. प्रत्यक्षात उलट होते. किल्ली भरलेली असेल तर लंबकाविना घड्याळ पळत सुटते. टिकटिक इतकी दाट होते की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत आणि मिनिटकाटा डोळ्यांदेखत सरकू लागतो. म्हणजे लंबक घड्याळ चालवत नाही, तो त्याला आवरतो. चालवणारी असते आत गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजेच स्प्रिंग. तिच्याकडे जोर आहे, पण वेळ मोजण्याची अक्कल नाही. लंबकाला वेळ बरोबर मोजता येते, पण त्याचा स्वतःचा जोर काही मिनिटांत संपतो. या दोघांमध्ये व्यवहार ठरवून देणारा जो भाग आहे त्याला एस्केपमेंट म्हणतात. घड्याळाचे सगळे गुणदोष तिथे सापडतात.

आधी लंबकाचे पाहू. झोका लहान असेल तर त्याला लागणारा वेळ जवळजवळ फक्त लांबीवर ठरतो. टोकाची चकती जड असो वा हलकी, त्याने फरक पडत नाही. हे गॅलिलिओने ओळखले होते, पण लंबकावर चालणारे घड्याळ 1656 साली हॉलंडमध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने केले. त्याआधीची यांत्रिक घड्याळे दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटे चुकत. लंबक आल्यावर ही चूक काही सेकंदांवर आली. घरातल्या एका सर्वसाधारण घड्याळाचा लंबक सुमारे 25 सेंटिमीटर लांब धरू. तो एका सेकंदात जाऊन परत येतो. लांबी केवळ एक मिलिमीटरने वाढली तर घड्याळ दिवसाला जवळजवळ 3 मिनिटे मागे पडते. चकतीखाली जो छोटा नट असतो तो याचसाठी. घड्याळ मागे पडत असेल तर नट फिरवून चकती किंचित वर घ्यायची, पुढे जात असेल तर खाली सोडायची. पोलादी दांडीचा लंबक उन्हाळ्यात आपसूक लांबतो. तापमान 10 अंशांनी चढले तर दिवसाला साधारण 5 सेकंदांचा फटका बसतो, म्हणजे आठवड्याला अर्धा मिनिट. तेवढ्यासाठी नटाला हात लावणारा मनुष्य फारच काटेकोर म्हणायचा.

आता एस्केपमेंट. तबकडीच्या मागे दातांच्या चाकांची एक रांग असते. स्प्रिंगचा जोर पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत पोचतो. या शेवटच्या चाकाचे दात अणकुचीदार असतात आणि त्याच्यावर जहाजाच्या नांगरासारखा एक पोलादी तुकडा बसवलेला असतो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात ही रचना रूढ झाली आणि आकारामुळे तिला अँकर एस्केपमेंट हे नाव मिळाले. नांगराची दोन टोके चाकाच्या दोन बाजूंना असतात. नांगराला जोडलेली एक तार खाली येते आणि तिच्या टोकाशी असलेल्या आकड्यात लंबकाची दांडी अडकलेली असते. त्यामुळे लंबक हलला की नांगर हलतो.

लंबक एका बाजूला जातो तेव्हा नांगराचे एक टोक वर उचलले जाते आणि अडवून धरलेला दात सुटतो. चाक फिरू लागते, पण लगेच पलीकडचा दात नांगराच्या दुसऱ्या टोकावर येऊन आदळतो आणि थांबतो. हाच तो ‘टिक’. लंबक परतला की दुसरे टोक सुटते, पहिले पुन्हा अडवते, आणि ‘टॉक’ होतो. लंबक एकदा जाऊन आला की चाक बरोबर एका दाताने पुढे सरकते. त्याच्याहून वेगाने जाण्याची त्याला परवानगीच नाही. लंबक काढल्यावर हा अडसर नांगराच्या हलक्या थरथरीपुरता उरतो, म्हणून घड्याळ पळते.

अडवणे एवढेच काम असते तर लंबक थोड्या वेळात थांबला असता. हवा त्याला अडवते, आणि ज्या पातळ पट्टीवर तो टांगलेला असतो ती वाकतानाही थोडा जोर खाते. म्हणून नांगराच्या टोकांना तिरपा उतार दिलेला असतो. सुटणारा दात त्या उतारावरून घसरत जाताना नांगराला हलका धक्का देतो, तो तारेतून लंबकापर्यंत पोचतो. एका झोक्यात लंबकाने जेवढे गमावले तेवढेच त्याला परत मिळते. या घड्याळाची खरी चतुराई मला इथे दिसते: मोजणी आणि भरपाई एकाच तुकड्याने, एकाच हालचालीत होते.

पण हा धक्का फुकट नसतो. दात नांगरावर आदळल्यावरही लंबक थोडा पुढे जातच असतो, त्यामुळे नांगर त्या दाताला किंचित मागे रेटतो. सेकंदकाटा असलेल्या घड्याळात प्रत्येक ठोक्याला तो काटा जरासा मागे थरथरताना दिसतो. याचा अर्थ चाकाचा जोर झोक्याच्या शेवटीही लंबकावर लादलेला असतो. तो जोर वाढला तर लंबक लवकर परततो. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमने 1715 च्या सुमारास नांगराच्या टोकांचा आकार बदलून ही मागे जाण्याची खोड काढली, पण ती रचना मुख्यतः वेधशाळांच्या आणि महागड्या घड्याळांत गेली. घरातल्या साध्या घड्याळांत बहुधा जुनीच पद्धत राहिली.

किल्लीचा मुद्दा इथून सुरू होतो. वजनावर चालणाऱ्या उंच घड्याळाचा हिशेब सोपा आहे. समजा 5 किलोचे वजन आठ दिवसांत दीड मीटर खाली उतरते. एवढ्या ऊर्जेवर एक वॉटचा दिवा सव्वा मिनिट जळेल, घड्याळ मात्र त्यावर आठ दिवस चालते. वजनाची ओढ पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी सारखीच असते. स्प्रिंगचे तसे नाही. घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग जोरात ढकलते आणि सैल होत जाते तशी तिची ताकद उतरते. त्यामुळे असे घड्याळ साधारणपणे किल्ली दिल्यावर थोडे पुढे धावते आणि आठवड्याच्या शेवटी रेंगाळते. म्हणूनच आठ दिवसांच्या घड्याळाला ठरलेल्या वारी, सातव्या दिवशी किल्ली द्यायची असते. असे केल्याने स्प्रिंगचा अगदी सैल, दुबळा भाग कधी वापरात येत नाही आणि आठवड्यातली चढउतार दर वेळी सारखी राहते. नटाने एकदा बसवलेले माप मग टिकते. कधी पाचव्या दिवशी, कधी नवव्या दिवशी किल्ली देणाऱ्याच्या घरी नट कितीही फिरवला तरी घड्याळ जागेवर येत नाही.

तबकडीवर दोन भोके असतील तर बहुधा उजवे चालण्याचे आणि डावे ठोक्यांचे असते. दर तासाला तितके आणि दर अर्ध्या तासाला एक ठोका पडत असेल तर दिवसाचे 180 ठोके होतात. तो खर्च वेगळ्या स्प्रिंगमधून होतो, म्हणून ठोके बंद पडले तरी काटे चालू राहू शकतात.

‘जास्त किल्ली बसल्यामुळे घड्याळ अडकले’ हे मात्र खरे नव्हे. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की किल्ली पुढे जात नाही, तिथे थांबायचे; धसमुसळेपणाने रेटले नाही तर पूर्ण भरण्याने काही बिघडत नाही. तरीही घड्याळ उभे राहिले तर बहुतेक वेळा आतले तेल वाळून चिकट झालेले असते. जोर आहे, पण तो शेवटच्या चाकापर्यंत पोचतच नाही.

दुसरे नेहमीचे कारण याहून साधे आहे. रंगकामासाठी घड्याळ उतरवले, पुन्हा टांगले, आणि ते दहा मिनिटांत थांबले. किल्ली भरलेली, तेलही ताजे. अशा वेळी कान द्यावा. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नसून एक आखूड, एक लांब असेल, तर घड्याळ कलते लागले आहे. एका बाजूला लंबक दात सोडवण्याइतका जातच नाही. घड्याळाचा खालचा भाग डावीकडे-उजवीकडे अगदी थोडा सरकवत ऐकायचे, आणि टिक व टॉक समान अंतरावर आले की तिथेच ठेवायचे. मग चौकट डोळ्यांना वाकडी दिसू लागली, तर ती सरळ करून नांगराच्या तारेला जरासा बाक द्यावा लागतो. ते काम घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेतलेले बरे.