निम्मे शेअर, निम्मे सोने. पण जोखमीचे गणित निम्म्याचे नाही

नगरच्या भिंगार छावणीत लष्करातून निवृत्त झालेली बरीच कुटुंबे राहतात. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाचे पैसे एकदम हातात येतात, आणि मग घरोघरी एकच सल्ला मिळतो : ‘निम्मे शेअर बाजारात, निम्मे सोन्यात टाका.’ सल्ला वाईट नाही. पण तो का चालतो याबद्दल जी कारणे सांगितली जातात, ती बहुतेक चुकीची असतात.

उदाहरणासाठी १० लाख रुपये धरू. निर्देशांकावर आधारित शेअर फंडाचा अपेक्षित परतावा वर्षाला १२ टक्के आणि चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, २० टक्के. सोन्याचा अपेक्षित परतावा ८ टक्के आणि चढउतार १५ टक्के. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, भाकीत म्हणून नव्हे.

गैरसमज : एक वर जाताना दुसरे खाली गेले, तर कमाई एकमेकांत वजा होऊन हाती काहीच उरत नाही.

अपेक्षित परताव्याला दोन गुंतवणुकींचे आपसातले नाते माहीतच नसते. तो केवळ वाट्यांनुसार काढलेली सरासरी असतो. निम्मे-निम्मे केले तर १२ आणि ८ यांच्या मधोमध १० टक्के, बस. शेअर आणि सोने हातात हात घालून चालोत की एकमेकांकडे पाठ करून, हे १० टक्के हलत नाहीत.

घोळ होतो तो उणे सहसंबंधाच्या अर्थात. उणे म्हणजे एकाने कमवायचे आणि दुसऱ्याने गमवायचे असे नव्हे. शेअर स्वतःच्या सरासरीच्या वर असतात तेव्हा सोने बहुधा स्वतःच्या सरासरीच्या खाली असते, एवढेच. एखाद्या वर्षी शेअर १८ टक्के आणि सोने ४ टक्के वाढले, तर दोन्ही नफ्यातच आहेत, तरीही ते वर्ष उणे सहसंबंधाच्या बाजूने मोजले जाते.

गैरसमज : परताव्याची सरासरी होते तशी जोखमीचीही होते, २० आणि १५ मिळून साडेसतरा.

साडेसतरा हे उत्तर फक्त एका परिस्थितीत बरोबर येते : सहसंबंध पूर्ण १ असेल तर. इतर प्रत्येक वेळी जोखीम त्याहून कमी भरते. शिकागोत शिकलेल्या हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधल्या लेखात मांडलेल्या विचाराचा गाभा हाच आहे. पुढे १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

हिशेब वहीवर करता येतो. चढउताराचा वर्ग म्हणजे विचरण. शेअरचे विचरण ४००, सोन्याचे २२५. एकत्र हिशेबात प्रत्येकाच्या वाट्याचाही वर्ग होतो. निम्म्याचा वर्ग पाव, म्हणून शेअरकडून १०० आणि सोन्याकडून ५६.२५ येतात. बेरीज १५६.२५. तिसरा तुकडा दोघांच्या नात्याचा : दोन गुणिले दोन्ही वाटे, गुणिले दोन्ही चढउतार, गुणिले सहसंबंध. इथे तो १५० गुणिले सहसंबंध इतका होतो.

आता सहसंबंध बदलून पाहा. तो १ असेल तर विचरण ३०६.२५ आणि वर्गमूळ साडेसतरा. ०.५ असेल तर चढउतार सुमारे १५.२. शून्य असेल तर तिसरा तुकडा गळतो, उरतात १५६.२५ आणि त्याचे वर्गमूळ नेमके साडेबारा. उणे ०.५ ला तो ९ वर येतो. म्हणजे सहसंबंध उणे असायलाच हवा, हाही समज टिकत नाही. एकमेकांशी काहीही देणेघेणे नसलेल्या दोन गोष्टी एकत्र केल्या, तरी मिश्रणाचा चढउतार दोघांहून कमी झाला : २० आणि १५ असताना साडेबारा. परतावा मात्र १० टक्केच राहिला.

याचा आडून एक फायदा आहे. अपेक्षित परतावा तोच असला, तरी दरवर्षी वाटे पुन्हा निम्मे-निम्मे करत राहिल्यास चक्रवाढीने होणारी वाढ कमी चढउतारात जास्त असते. वरच्या आकड्यांत सहसंबंध १ असताना ती वर्षाला साधारण साडेआठ टक्के, तर शून्य असताना सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास येते. मोठी पडझड भरून काढायला तिच्याहून मोठा चढ लागतो, म्हणून.

गैरसमज : मला जोखीम नको, म्हणून सगळे सोन्यातच ठेवतो.

नगरच्या सराफ बाजारात हे वाक्य रोज ऐकू येत असेल. पण सहसंबंध शून्य धरला, तर सगळ्यात कमी चढउताराचा वाटा सोने १०० टक्के असा येत नाही. तो येतो शेअर ३६ आणि सोने ६४ टक्के असा. त्याचा चढउतार १२ टक्के आणि अपेक्षित परतावा ९.४४ टक्के. नुसत्या सोन्यात चढउतार १५ आणि परतावा ८. जास्त उसळणारी वस्तू थोडी मिसळल्यावर एकूण उसळी कमी झाली आणि कमाई वाढली! पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला हिशेबात चूक वाटते, ती नसते.

मात्र याला मर्यादा आहे. लहान चढउताराला मोठ्याने भागा : १५ भागिले २० म्हणजे ०.७५. सहसंबंध याच्या खाली असेल, तरच शेअर मिसळून जोखीम सोन्याच्याही खाली नेता येते. आणि तेव्हाही वाटा जपून ठरवावा लागतो. सहसंबंध ०.५ असताना निम्मे-निम्मे केले तर १५.२, म्हणजे सोन्यापेक्षा किंचित वाईटच. शेअरचा वाटा २३ टक्क्यांवर आणला की १४.४. ‘निम्मे-निम्मे’ या आकड्यात जादू अशी काही नाही.

गैरसमज : दोन ठिकाणी पैसे ठेवले म्हणजे जोखीम विभागली.

नावे दोन, पण कारण एक असेल तर विभागणी कागदावरच राहते. एकाच शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि बांधकाम व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या दोन पतसंस्था एकाच मंदीत अडकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेव विम्याच्या ५ लाखांच्या मर्यादेची चर्चा घरोघरी झाली. पतसंस्थेतल्या ठेवींना तर तो विमाही नसतो.

शेअर आणि सोन्याचे नाते वेगळे का असते, यालाही कारण आहे. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून पैसे बाहेर नेतात तेव्हा रुपया घसरतो, आणि आयात होणारे सोने रुपयांत महागते. २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला. रुपयांतले सोने त्या वर्षी वाढले. पण मार्च २०२० मध्ये बाजार कोसळताना काही दिवस सोन्याचा जागतिक भावही घसरला, कारण घाबरलेल्यांना मिळेल ते विकून रोकड हवी होती. सहसंबंध हा वस्तूचा अंगभूत गुण नाही. तो त्या त्या काळातला आकडा आहे, आणि गरज असते नेमकी तेव्हाच तो बदलू शकतो.

सहसंबंध स्वतः काढायचा झाल्यास भावांवरून काढू नये. गेली २० वर्षे शेअर आणि सोने दोन्ही चढले आहेत, त्यामुळे भावांचा आलेख पाहून सहसंबंध १ च्या जवळ वाटतो आणि माणूस फसतो. दर महिन्याचा टक्केवारीतला बदल एका रकान्यात शेअरचा, शेजारी सोन्याचा असा लिहावा आणि त्यांवर स्प्रेडशीटमधले `CORREL` हे सूत्र चालवावे. एकदा पूर्ण काळासाठी, आणि एकदा फक्त बाजार पडलेल्या महिन्यांसाठी. दोन आकड्यांत बरेच अंतर निघाले, तर वरच्या गणितात दुसरा घालून पाहावा.