ओटीतले क्लॉग: वरून बंद, तळाशी खाचा

सिझेरियनमध्ये रक्त आणि गर्भजल टेबलाच्या कडेवरून थेट पायांवर येते. क्लॉगला वर हवेसाठी भोके असतील, तर ते मोज्यापर्यंत पोहोचते. म्हणून बोटे आणि पायाचा वरचा भाग पूर्ण झाकणारा क्लॉग हवा. घोटा मात्र उघडाच राहतो. जास्त द्रव अपेक्षित असेल तेव्हा गुडघ्यापर्यंतचे जलरोधक कव्हर घालावे.

पकड तळाच्या खाचांवर अवलंबून असते. खाचांमुळे द्रव बाजूला निघतो आणि रबर फरशीला टेकते. टाचेखालचा भाग गुळगुळीत झाला, की क्लॉग वरून नवा दिसला तरी बदलावा. खाचांत वाळलेले रक्त अडकले तरीही पाय घसरतो.

दोन शस्त्रक्रियांच्या मधे नुसते हायपोक्लोराइट फवारणे ही नेहमीची चूक. रक्तातील प्रथिने क्लोरीन निकामी करतात. हातमोजे घालून आधी डिटर्जंट आणि ब्रशने खाचा घासाव्यात, धुवावे, मग जंतुनाशक लावून बाटलीवर दिलेला वेळ ओले ठेवावे. शेवटी पुन्हा धुऊन वाळवावे. एवढा वेळ मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकाला दुसरा जोड हवाच. ऑटोक्लेव्हमध्ये मात्र उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच घालावे, कारण साधे ईव्हीए फोम उष्णतेने आकसते.