रुंदी ठरली, मग उंची किती? व्हिडिओ क्रॉप करण्याआधीचं साधं त्रैराशिक



समजा, एक ताई घरून दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेतात. त्यांनी मोबाईल उभा धरून चकल्या तळतानाचा झकास व्हिडिओ काढला. वर ब्रँडचं नाव टाकलं, खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबरची पट्टी लावली. स्टेटसला मस्त दिसला. मग तोच व्हिडिओ इन्स्टाग्रामच्या फीडसाठी ४:५ मध्ये क्रॉप केला आणि घाईघाईत टाकून दिला. आता चकली दिसतेय, तेल दिसतंय, पण नावही नाही आणि नंबरही नाही. बघणाऱ्याने ऑर्डर द्यायची कोणाला?

हे टाळायला फक्त एक गुणाकार आणि एक भागाकार लागतो. व्हिडिओला कात्री लावायच्या आधी तो करायचा, एवढंच.

उंची कशी काढायची?

व्हिडिओ म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ताईंचा उभा व्हिडिओ १०८० × १९२० आहे, म्हणजे आडवे १०८० ठिपके आणि उभे १९२०. पहिला आकडा नेहमी रुंदीचा, दुसरा उंचीचा. रेशोमध्येही तसंच: ४:५ म्हणजे रुंदीचे ४ भाग असतील तर उंचीचे ५ भाग.

आता शाळेतलं त्रैराशिक आठवा. रुंदी ४ असेल तर उंची ५, मग रुंदी १०८० असेल तर उंची किती?

उंची = रुंदी × रेशोचा दुसरा आकडा ÷ रेशोचा पहिला आकडा

म्हणजे १०८० × ५ ÷ ४ = १३५०. नवा व्हिडिओ १०८० × १३५० चा होणार.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे आकडे उलटे धरणं. १०८० × ४ ÷ ५ केलं तर ८६४ येतं. पण ४:५ ही उभी चौकट आहे, तिची उंची रुंदीपेक्षा जास्तच असायला हवी. ८६४ हे १०८० पेक्षा कमी आहे, म्हणजे आकडे उलटे पडले. उत्तर आलं की एवढं एक बघायचं: उभ्या चौकटीत उंची मोठी, आडव्या चौकटीत रुंदी मोठी.

किती कापलं जाणार आणि कुठून?

मूळ उंची १९२०, नवी १३५०. वजाबाकी केली की ५७० उरतात. एवढे ठिपके जाणार. बहुतेक अ‍ॅप आपण काही सांगितलं नाही तर मधला भाग ठेवतात, म्हणजे वरून २८५ आणि खालून २८५ कापतात. वरून मोजलं तर २८५ पासून १६३५ पर्यंतचा भाग शिल्लक राहतो.

ताईंनी ब्रँडचं नाव वरून १५० ते २५० या पट्ट्यात लिहिलं होतं आणि नंबरची पट्टी १६४० ते १७६० मध्ये होती. दोन्ही चौकटीच्या बाहेर! नंबरची पट्टी तर चौकट संपल्यावर फक्त ५ ठिपक्यांनी सुरू होते.

मग चौकट थोडी खाली सरकवली तर? नंबरची पट्टी पूर्ण दिसेल, पण वरचं नाव चौकटीपासून आणखी दूर जाईल. वर सरकवली तर नाव वाचेल आणि नंबर जाईल. दोन्ही ठेवायचे असतील तर १५० पासून १७६० पर्यंत, म्हणजे १६१० उंची हवी, आणि आपल्याकडे आहे १३५०. म्हणजे कितीही सरकवा, जमणार नाही. हे आकडेमोडीने एका मिनिटात कळतं, नाहीतर माणूस अ‍ॅपमध्ये अर्धा तास बोटाने चौकट सरकवत बसतो.

यावर उपाय असा: अक्षरं न टाकलेला मूळ व्हिडिओ जपून ठेवायचा, तो आधी क्रॉप करायचा आणि नाव-नंबर त्यानंतर टाकायचे. शूटिंग करतानाही उभ्या फ्रेमचा वरचा सहावा भाग आणि खालचा सहावा भाग मोकळा सोडायचा. चकली, हात, कढई सगळं मध्ये. मग स्टेटसला आणि ४:५ च्या फीडला एकच शूटिंग चालतं.

उत्तर मूळ उंचीपेक्षा मोठं आलं तर?

आता दुसरी बाजू. व्हिडिओ आडवा आहे, १९२० × १०८०, आणि तुम्हाला ४:५ हवंय. रुंदी १९२० धरून हिशोब केला: १९२० × ५ ÷ ४ = २४००. पण व्हिडिओची उंची तर १०८० च आहे! क्रॉप म्हणजे कापणं, त्याने नवे ठिपके तयार होत नाहीत. अशा वेळी अ‍ॅप एकतर वर-खाली काळ्या पट्ट्या लावतं किंवा चित्र ताणतं. ताणलं आहे की नाही ते ओळखायला गोल वस्तू बघा. डब्याचं झाकण अंड्यासारखं दिसलं की समजायचं, कापण्याऐवजी ताणलं गेलंय.

इथे हिशोब उलटा करायचा. उंची १०८० पूर्ण ठेवायची आणि रुंदी काढायची: १०८० × ४ ÷ ५ = ८६४. म्हणजे ८६४ × १०८० चा तुकडा मिळेल. तो पुढे १०८० × १३५० ला मोठा करता येतो, पण सव्वापट मोठा केल्यामुळे थोडा मऊ, धुरकट दिसेल. पॅकेटवरची बारीक अक्षरं दाखवायची असतील तर उभंच शूटिंग पुन्हा केलेलं बरं.

अर्धा ठिपका कुठून आणायचा?

शेवटची अडचण. ताईंना तोच उभा व्हिडिओ वेबसाइटसाठी १६:९ मध्ये हवाय. रुंदी १०८०, म्हणून १०८० × ९ ÷ १६ = ६०७.५. अर्धा ठिपका नसतोच. मग ६०७ घालायचे? तेही नको. नेहमीच्या एमपी४ व्हिडिओमध्ये रंगाची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी न साठवता दोन बाय दोनच्या चौकोनाची मिळून साठवतात. त्यामुळे रुंदी आणि उंची दोन्ही सम आकडे लागतात. विषम आकडा दिला तर काही सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करायला नकार देतात, काही गुपचूप एक ओळ कमी करतात. म्हणून ६०६ किंवा ६०८ घ्या. एवढ्याशा फरकाने रेशो बिघडलेला डोळ्याला कळत नाही.

पण या हिशोबातून मोठी गोष्ट कळते ती वेगळीच. १९२० पैकी फक्त ६०८ उरले, म्हणजे चित्राचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. कढई दिसेल तर चेहरा जाईल, चेहरा ठेवला तर कढई जाईल. वेबसाइटसाठी व्हिडिओ लागणार हे आधी माहीत असेल तर त्याच वेळी मोबाईल आडवा धरून एक मिनिटाचं वेगळं शूटिंग करून ठेवा. तळण पुन्हा पेटवण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

आता तुमच्या मोबाईलमधला एक व्हिडिओ उघडा, डिटेल्समध्ये त्याची रुंदी आणि उंची बघा आणि ४:५ साठी उंची कागदावर काढा. ती मूळ उंचीपेक्षा कमी आली, तर वजाबाकी करून निम्मे आकडे वर आणि निम्मे खाली मांडा. त्या दोन पट्ट्यांत तुमचा नंबर, किंमत किंवा माल येतोय का, ते तपासा. येत असेल तर कात्री लावायच्या आधीच जागा बदला.